घरावर कर्ज काढायचंय: होम लोन, मॉर्गेज लोन की टॉप-अप?

पहिल्यांदा कर्ज काढणारे बरेच जण बँकेत जाऊन "घरावर लोन पाहिजे" एवढंच सांगतात आणि समोरचा माणूस त्याला जे विकायचंय त्याचा फॉर्म पुढे करतो. घोळ इथूनच सुरू होतो, कारण होम लोनमध्येही घरच तारण असतं आणि मॉर्गेज लोनमध्येही घरच तारण असतं, कागदपत्रं जवळपास तीच, व्हॅल्युएशन करायला येणारा माणूसही कदाचित तोच. पण व्याजदर वेगळा, मुदत वेगळी आणि मिळणारी रक्कमही वेगळी. हा फरक तारणामुळे पडत नाही, पैसे कशासाठी पाहिजेत त्यामुळे पडतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. म्हणून खालच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लिहितोय, आणि मधे नाशिकच्या एका कुटुंबाचं उदाहरण पूर्ण आकड्यांसकट घेतलंय (कुटुंब काल्पनिक आहे, हिशोब खरा आहे).

पायरी १: पैसे कशाला पाहिजेत ते कागदावर लिहा

होम लोन म्हणजे घर विकत घ्यायला, बांधायला, वाढवायला किंवा दुरुस्त करायला दिलेलं कर्ज. पैसे सहसा तुमच्या हातात येत नाहीत, रिसेल फ्लॅट असेल तर विकणाऱ्याच्या नावाने चेक निघतो, नवीन बांधकाम असेल तर स्लॅब पडेल तसतसे बिल्डरच्या खात्यात जातात. पैसा घरातच जातोय हे बँकेला दिसतं, त्यामुळे तिची जोखीम कमी आणि दरही कमी.

मॉर्गेज लोन म्हणजे तुमच्याकडे आधीच असलेल्या घरावर, दुकानावर किंवा गाळ्यावर काढलेलं कर्ज. पैसे थेट तुमच्या खात्यात येतात आणि मुलीचं शिक्षण, लग्न, दवाखाना, धंद्यातलं भांडवल, जुनी महागडी कर्जं फेडणं, अशा कशालाही वापरता येतात. "कशालाही" म्हटलं तरी फॉर्ममध्ये कारण लिहावं लागतं आणि त्यावर सही असते. शेअर बाजारात किंवा सट्ट्यात घालायला बँका देत नाहीत. कारण खोटं लिहून पैसे भलतीकडे वळवले आणि बँकेने खात्याचं स्टेटमेंट बघितलं तर ती पूर्ण कर्ज एकदम परत मागू शकते, करारात तसं कलम असतंच.

आता एक गोष्ट जी लोकांना उशिरा कळते. घर घ्यायचंय आणि हाताशी रोख आहे, म्हणून काही जण पूर्ण रोखीने घर घेतात आणि वर्षभराने धंद्याला पैसे लागले की त्याच घरावर मॉर्गेज लोन काढतात. म्हणजे स्वस्त कर्ज मिळत होतं तेव्हा घेतलं नाही आणि महाग घेतलं. पुढच्या एक-दोन वर्षांत मोठी गरज येणार हे आधीच दिसत असेल तर घरासाठी होम लोन घ्यायचं आणि रोख हातात ठेवायची, हिशोब जवळपास प्रत्येक वेळी असाच निघतो.

उलटंही होतं. दुसरं घर घ्यायचंय आणि एजंट सांगतो की तुमच्या राहत्या फ्लॅटवर मॉर्गेज लोन करून देतो, पटकन होईल. कशाला? जे घर घेताय तेच तारण ठेवून होम लोन मिळतंय ना. याला अपवाद एकच, घ्यायचं घर असं असेल की ज्याला बँक हातच लावत नाही, म्हणजे गावठाणातलं जुनं घर, एनए नसलेल्या जमिनीवरचं बांधकाम, नियमित न झालेली गुंठेवारी. तिथे राहत्या फ्लॅटवर कर्ज काढून ते घेणं हाच मार्ग उरतो, पण मग ज्या घराला बँक हात लावत नाही ते आपण का घेतोय हे एकदा वकिलाकडून तपासून घ्या.

पायरी २: दर आणि मुदत, दोन्ही एकत्र बघा

रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्के झाला आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची फ्लोटिंग होम लोन अशा बाहेरच्या दराला जोडलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोलाच. त्यामुळे चांगला सिबिल असलेल्या नोकरदाराला साधारण साडेसात-आठ टक्क्यांच्या आसपास होम लोन मिळतं, काहींना त्याच्याही खाली. मॉर्गेज लोनला बँकेत साधारण नऊ ते अकरा, आणि एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांत, त्याच्या वर कुठेही. एनबीएफसी आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो बाहेरच्या दराचा नियम लागू नाही, त्यांचा स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट असतो. त्यामुळे रेपो कमी झाला तरी तुमचा दर आपोआप उतरेल असं धरून चालू नका, आधी विचारून घ्या की दर कशाला जोडलाय आणि किती महिन्यांनी बदलतो.

मुदतीचं बघायचं तर होम लोन ३० वर्षांपर्यंत मिळतं. मॉर्गेज लोन साधारण १५ वर्षं, काही जण २० देतात, आणि तुमचं वय बघून तेही कमी करतात. इथे नवीन माणूस फसतो तो असा की दर दोनच टक्के जास्त आहे, काय फरक पडतो? तर २५ लाखांचं होम लोन ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २०,९०० येतो. तेच २५ लाख मॉर्गेज लोन म्हणून १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,८६५. महिन्याला सहा हजारांचा फरक, कारण दरही जास्त आणि वर्षंही कमी. एकूण व्याज मात्र होम लोनचंच जास्त दिसेल (साधारण २५ लाख विरुद्ध २३ लाख), ते बघून कोणी म्हणेल बघा मॉर्गेज लोन स्वस्त पडलं. नाही. होम लोनही १५ वर्षांचं केलं तर व्याज १८ लाख येतं. तुलना करताना मुदत सारखी ठेवायची, नाहीतर आकडे काहीही सांगतात.

किती रक्कम मिळेल हेही वेगळं. होम लोनला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्याच्या वर ७५ टक्के. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत, ते खिशातून. मॉर्गेज लोनला बँका बहुतेक वेळा बाजारभावाच्या ५० ते ६५ टक्क्यांवर थांबतात, आणि बाजारभाव म्हणजे त्यांचा व्हॅल्युअर म्हणेल तो, शेजारच्यांचा फ्लॅट कितीला गेला तो नव्हे.

पायरी ३: चालू होम लोन असेल तर थांबा, आधी टॉप-अप विचारा

टॉप-अप म्हणजे चालू होम लोनच्या वर त्याच घरावर घेतलेलं वाढीव कर्ज. माझ्या मते या सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

नाशिकचं एक जोडपं धरा. इंदिरानगरला दोघांच्या नावावर फ्लॅट, बाजारात ७० लाख म्हणतात, व्हॅल्युअरने ६२ लाख काढले. जुन्या होम लोनचे ९ लाख बाकी आहेत, दर ८ टक्के, अजून ८ वर्षं. नवऱ्याच्या हातात ७५ हजार पगार येतो, बायकोचं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं बुटीक आहे, आयटीआर भरते, महिन्याला साधारण २५ हजार दिसतात. त्यांना २० लाख पाहिजेत, १२ लाख बुटीकसाठी (मोठ्या दुकानाचं डिपॉझिट, मशिनं, फर्निचर) आणि ८ लाख गावाकडचं घर दुरुस्त करायला. गावचं घर गावठाणात, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आहे पण प्रॉपर्टी कार्ड नाही, त्यामुळे ते घर तारण ठेवून दुरुस्तीचं कर्ज मिळणं अवघड. म्हणजे तारण नाशिकचा फ्लॅटच.

एजंट आला आणि म्हणाला, दुसऱ्या कंपनीकडून २९ लाखांचं मॉर्गेज लोन करून देतो, त्यातून जुने ९ लाख फेडून टाका, २० लाख हातात, एकच हप्ता, डोक्याला ताप नाही. दर १० टक्के, १५ वर्षं. हप्ता ३१,१६४. पूर्ण मुदतीत व्याज सुमारे २७ लाख ९ हजार.

दुसरा रस्ता म्हणजे ज्या बँकेत होम लोन चालू आहे तिथेच २० लाखांचा टॉप-अप. टॉप-अपचा दर होम लोनपेक्षा थोडा जास्त असतो, ९ टक्के धरू, मुदत तीच १५ वर्षं. टॉप-अपचा हप्ता २०,२८५ आणि जुन्या ९ लाखांचा चालू हप्ता १२,७२३, मिळून ३३,००८. म्हणजे पहिली आठ वर्षं महिन्याला साधारण अठराशे रुपये जास्त जातात, पण नंतर जुनं लोन संपतं आणि २०,२८५ च राहतात. दोन्ही मिळून व्याज सुमारे १९ लाख ७२ हजार.

फरक ७ लाख ३७ हजारांचा. आता गंमत बघा, हा फरक आला कुठून. नवीन २० लाखांवर ९ आणि १० टक्क्यांचा फरक धरला तर १५ वर्षांत साधारण २ लाख १७ हजार होतात. उरलेले सव्वापाच लाखांच्या आसपास ते फक्त त्या जुन्या ९ लाखांचे आहेत, कारण ८ टक्क्यांवर आठ वर्षांत संपणारं कर्ज १० टक्क्यांवर आणि १५ वर्षांवर नेऊन ठेवलं. एजंट हे सांगत नाही, कारण त्याला कमिशन २९ लाखांवर मिळतं. आणि एकच हप्ता, तोही टॉप-अपच्या रस्त्यातल्या दोन हप्त्यांपेक्षा कमी, हे ऐकायला छान वाटतं.

तेव्हा नियम असा ठेवा की चालू होम लोन स्वस्त असेल तर ते मोडून मॉर्गेज लोनमध्ये मिसळायचं नाही. दुसरी बँक होम लोन होम लोन म्हणूनच ट्रान्सफर करून वर टॉप-अप देत असेल तर तो वेगळा विषय, तो जरूर बघा, त्यात जुन्या रकमेला होम लोनचाच दर राहतो.

टॉप-अप प्रत्येकाला मिळेलच असं नाही हेही सांगतो. हप्ते वेळेवर गेलेले पाहिजेत, जुनं आणि नवीन मिळून घराच्या किमतीच्या ठरलेल्या टक्क्यात बसलं पाहिजे (इथे २९ लाख भागिले ६२ लाख, म्हणजे ४७ टक्के, आरामात बसतं), आणि काही बँका टॉप-अपची रक्कम किंवा धंद्यासाठीचा वापर मर्यादित ठेवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये टॉप-अपचे पैसे नक्की कुठे जातात यावर बँकांना लक्ष ठेवायला सांगितलं, त्यामुळे आता वापराचा पुरावा मागणं वाढलंय. धंद्याला वापरायचे असतील तर तसंच सांगा, लपवू नका. बँक नाही म्हणाली तर निदान ८ लाख दुरुस्तीसाठी टॉप-अप आणि १२ लाखांचं वेगळं धंद्याचं कर्ज होतंय का ते विचारता येतं, कारण तारण ठेवलेल्या घरावर दुसऱ्या बँकेचं दुसरं कर्ज सहसा कोणी देत नाही.

पायरी ४: कागद गोळा करा, आणि मालक कोण कोण आहेत ते मोजा

रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, आधीच्या व्यवहारांची सगळी साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, प्रॉपर्टी टॅक्सची पावती. बंगला किंवा प्लॉट असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि एनए ऑर्डर. मॉर्गेज लोनची फाईल अडते ती जास्त करून दोन गोष्टींवर. एक, साखळीतलं जुनं ॲग्रीमेंट हरवलेलं असतं. दोन, घर वडिलांच्या नावावर होतं, वडील वारले, आणि वारसांची नावं लागलेलीच नाहीत. जितके मालक तितके सगळे कर्जात सहअर्जदार म्हणून यावे लागतात, त्यामुळे बहिणीचं नाव उताऱ्यावर असेल आणि ती पुण्यात किंवा दुबईत असेल तर तिला आधी फोन करा, फाईल लागल्यावर नाही.

पायरी ५: सँक्शन लेटर आणि केएफएस हातात आल्यावर

ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल कर्जाला बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे व्याज आणि प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून वर्षाला खरं किती पडतंय ते. दोन ठिकाणची तुलना करायची तर तोंडी सांगितलेला दर सोडा आणि हा आकडा बघा. प्रोसेसिंग फी मॉर्गेज लोनला बहुतेक ठिकाणी जास्त लागते, एक टक्का धरली तर २९ लाखांवर २९ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चौतीस हजारांच्या वर.

कर्जाच्या रकमेत हळूच लाख-दीड लाखाचा विमा जोडलेला असतो, एकरकमी हप्त्याचा. सँक्शन लेटरमधली रक्कम तुम्ही मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त दिसली की समजायचं तोच आहे. घराचा आगीचा वगैरे विमा मागणं ठीक आहे, पण त्यांच्याच कंपनीचा जीवन विमा घ्यायची सक्ती नसते. साधी टर्म पॉलिसी असेल तर ती दाखवा आणि तो काढायला सांगा, लेखी.

मुदतीआधी फेडण्याचा दंडही इथेच बघून घ्या. घरगुती कारणासाठी व्यक्तीच्या नावावर असलेल्या फ्लोटिंग कर्जाला दंड लागत नाही, होम लोन असो की मॉर्गेज लोन. धंद्यासाठीच्या कर्जाला आधी तो लागायचा, चांगला दोन ते चार टक्के. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२५ च्या नियमानुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग कर्जांना, व्यक्ती किंवा लघुउद्योजक असाल तर, व्यापारी बँकांना धंद्याच्या कर्जावरही तो लावता येत नाही. स्मॉल फायनान्स बँका आणि मधल्या आकाराच्या एनबीएफसींना ही सूट ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला द्यावी लागते. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र कलम नीट वाचा.

पायरी ६: नोटीस ऑफ इंटिमेशन, महाराष्ट्रातलं खास प्रकरण

आपल्याकडे मूळ कागद बँकेत ठेवून तारण केलं की तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन फाईल करावी लागते, ऑनलाइनही होते. स्टॅम्प ड्युटी पाच लाखांच्या वरच्या कर्जाला ०.३ टक्के, म्हणजे २० लाखांवर ६ हजार, वर फाईलिंग फी. हा खर्च होम लोन, टॉप-अप, मॉर्गेज लोन सगळ्यांना आहे. फाईल करायची जबाबदारी कर्जदाराची असते. बँकेने "आम्ही करतो" म्हटलं तरी पावती मागून घ्या.

पायरी ७: पैसे आल्यावर ते कुठून कुठे गेले याचा माग ठेवा

टॅक्सची सूट कर्जाच्या नावावर मिळत नाही, वापरावर मिळते. होम लोनच्या मुद्दलाची आणि राहत्या घराच्या व्याजाची (२ लाखांपर्यंत) सूट फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत आहे, नवीन पद्धतीत राहत्या घराला काही नाही. मॉर्गेज लोन किंवा टॉप-अप धंद्यात वापरला तर तेवढ्या भागाचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतं, आणि हे नवीन पद्धतीतही चालतं. लग्नाला किंवा गाडीला वापरला तर काहीच नाही.

आपल्या नाशिकच्या जोडप्याने म्हणून १२ लाख थेट बुटीकच्या करंट अकाउंटला वळवावेत आणि ८ लाख वेगळे ठेवून गवंड्याची, सिमेंट-लोखंडाची बिलं जमवावीत. वीसचे वीस लाख घरखर्चाच्या खात्यात टाकले आणि त्यातूनच किराणा, फी, मशिनं सगळं गेलं तर मार्चमध्ये सीए विचारेल यातलं धंद्याचं किती, आणि उत्तर देता येणार नाही. गावच्या घराच्या दुरुस्तीच्या व्याजाची सूट जुन्या पद्धतीत वर्षाला ३० हजारांपर्यंतच आहे आणि तीही त्या २ लाखांच्या आतच, त्यामुळे त्यावर फार गणित मांडू नका.

हप्ता थकला तर दोन्ही कर्जांत घर सारखंच जातं. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस आणि त्यानंतर ताबा. धंद्यासाठी राहतं घर लावताना हप्ता बुटीकच्या कमाईवर न ठरवता पगारातून निघतो का ते बघा. या घरात ३३ हजार पगाराच्या ४४ टक्के होतात, जमतं पण ओढाताण आहे, त्यामुळे मी असतो तर आधी १५ लाखच काढले असते आणि दुकान मोठं करायचं काम दोन टप्प्यांत केलं असतं.

पायरी ८: कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला म्हणून विसरू नका. नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतलं तारण काढलंय का ते विचारा, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये बँकेचा बोजा नोंदवलेला असेल तर पत्र देऊन तो कमी करून घ्या, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर असेल तर तिथलाही. मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात, तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते (डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे हा). कागद घेताना कर्ज घेतेवेळी मिळालेली यादी सोबत न्या आणि तिथेच काउंटरवर उभं राहून एकेक पान जुळवून बघा, विशेषतः साखळीतली जुनी ॲग्रीमेंटं आणि त्यांच्या रजिस्ट्रेशनच्या पावत्या.